आंदोलनात बसलेली पोरं नेमकं काय शिकतात

"पुण्यात शिकायला पाठवलेली पोरं रस्त्यावर बसतात. घोषणा द्यायला काय अक्कल लागते, त्यातून कोणी काही शिकत नाही. पक्षवाले वापरून घेतात आणि सोडून देतात. आणि एक केस पडली की सरकारी नोकरी कायमची गेली."

आंदोलनात बसणाऱ्या पोरांबद्दल हे नेहमी ऐकू येतं. पहिलं अक्कलेचं घेऊया, कारण ते मी स्वतः पाहिलंय. मी पुण्यात ज्या कॉलेजात होतो तिथे एका वर्षी स्कॉलरशिपचे पैसे जमा झाले नाहीत म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांची हॉलतिकिटं अडवून ठेवली, पूर्ण फी भरा मगच परीक्षेला बसा असं सांगितलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो, घोषणा दिल्या, आणि दोन पानी निवेदन लिहिलं ज्यात अन्याय, शोषण, विद्यार्थी एकजूट सगळं होतं. एका सिनियर मुलीने ते वाचलं आणि पेनाने जवळपास सगळं खोडलं. तिने चारच गोष्टी विचारल्या: मागणी काय, ती पूर्ण करायचा अधिकार कोणाला आहे, कधीपर्यंत, आणि प्रत कोणाकोणाला. उत्तरं लिहिली तर निवेदन अर्ध्या पानात बसलं. मग ती म्हणाली दोन कॉपी घ्या, एक आत द्या आणि दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, नाहीतर महिन्याने म्हणतील की तुमचं काही आलंच नाही.

अधिकार कोणाला, या एका प्रश्नानेच आम्हाला खरं फिरवलं. आम्ही धरून चाललो होतो की सरकारने पैसे पाठवले नाहीत. चौघं जण समाज कल्याणच्या ऑफिसात गेलो, तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की अरे तुमचे अर्ज आमच्याकडे आलेलेच नाहीत. महाडीबीटी या स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी कॉलेजातल्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, आणि तिथून पुढे ढकलला तरच खात्याकडे पोचतो. आमचे अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून होते! म्हणजे सरकारविरुद्धच्या घोषणा आम्ही चुकीच्या दारात देत होतो. दुसऱ्या दिवशी मागणी बदलली, अर्ज आठवड्यात पुढे पाठवा आणि तोवर हॉलतिकीट द्या, आणि ती मान्य झाली. राज्यशास्त्राच्या पेपरात प्रशासनाचे स्तर मी पाठ करून लिहिले होते, पण कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्या चार दिवसांत कळलं आणि आजही गावातल्या कोणाचं काही अडलं की मी आधी तेच शोधतो.

मोठ्या आंदोलनातही हेच दिसतं. एमपीएससीचं बघा. आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं की राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२३ पासून वर्णनात्मक होणार. जुनी परीक्षा ८०० मार्कांची, त्यातला बहुतेक भाग पर्यायांवर गोल करायचा. नवीन नऊ पेपर, १७५० मार्क, सगळं लिहून. पुण्यात शास्त्री रोडच्या अभ्यासिकांमध्ये तीन-तीन चार-चार वर्षं जुन्या पद्धतीने तयारी केलेली पोरं होती, त्यांच्यासाठी हे वर्षभरात वळवणं अशक्यच होतं. जानेवारी २०२३ मध्ये ती अलका चौकात बसली. मागणी बारकाईने बघा, नवीन पद्धत रद्द करा अशी नव्हती, २०२५ पासून लागू करा एवढीच होती. आयोगाला आपला निर्णय मागे न घेताही ती मान्य करता येत होती.

सरकारने अनुकूल भूमिका घेतली तेव्हा अनेकांना वाटलं झालं काम. नव्हतं झालं. लोकसेवा आयोग संविधानाने नेमलेला आहे, सरकार त्याला विनंती करू शकतं, आदेश देऊ शकत नाही, आणि आयोगाकडून काहीच लेखी येईना. म्हणून फेब्रुवारीत पोरं परत बसली, यावेळी आम्हाला आश्वासन नको आयोगाचं पत्रक हवं म्हणून. २३ फेब्रुवारीला आयोगाने २०२५ चा निर्णय जाहीर केला. सरकार आणि संवैधानिक संस्था यातला फरक आपल्यापैकी किती जणांना उदाहरणासकट सांगता येईल? तिथे बसलेल्यांना येतो. आणि हेही लिहिलं पाहिजे की नवीन पद्धत २०२३ पासूनच लागू व्हावी असं म्हणणारे उमेदवारही होते, तेही तयारी करूनच बसलेले, त्यांना या निर्णयाचा तोटा झाला. एकाची मागणी मान्य होते तेव्हा दुसऱ्याचं काहीतरी जातं हेही शास्त्री रोडवरच्या एकाच रूममध्ये दोन कॉटवर बसलेल्या पोरांना त्याच महिन्यात कळलं.

आता पक्षांचं. येतात, हे खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. त्या फेब्रुवारीत कसब्याची पोटनिवडणूक होती, मतदान २६ तारखेला, त्यामुळे प्रत्येक पक्षाला त्या पोरांची काळजी वाटत होती. पण शरद पवार रात्री येऊन बसले, सत्तेतले आणि विरोधातले दोन्हीकडचे नेते या आंदोलनात येऊन गेले, तरी मागणीचं वाक्य बदललं नाही. वापर कोण कोणाचा करतंय ते इथेच ओळखू येतं. निवेदन कोणी लिहिलं, खाली नंबर कोणाचा आहे, आणि नेता येऊन गेल्यावर मागण्यांच्या यादीत नवीन काही घुसलं का, एवढं बघायचं. काल फीची मागणी होती आणि आज त्यात मंत्र्याचा राजीनामा आला की समजायचं, आंदोलन पोरांच्या हातून गेलं. असंही होतं, पुण्यात मी पाहिलंय, आणि तेव्हा उठून घरी जाणं बरोबर असतं. पण ते ओळखायला आधी एकदा तरी तिथे बसावं लागतं.

केसच्या बाबतीत आईबापांना भीती वाटते ती खोटी नाही, पण "कायमची गेली" हे चूक आहे. सरकारी नोकरीत निवड झाली की साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात गुन्हा, अटक, खटला याची माहिती विचारतात. खरा घोळ बहुतेक वेळा तिथे होतो, पोरं घाबरून "नाही" लिहितात आणि पोलीस पडताळणीत सापडतात. अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये याचे नियम घालून दिले. खरं लिहिलं असेल तरी नोकरी द्यायचीच असं बंधन नाही, गुन्ह्याचं स्वरूप आणि पद बघून ठरवायचं. पण क्षुल्लक गोष्ट असेल तर लपवलेलंही माफ करता येईल असं म्हटलंय आणि त्याचं उदाहरण म्हणून चक्क तरुण वयात दिलेल्या घोषणा असंच लिहिलंय. दगडफेक, तोडफोड, एसटीच्या काचा ही वेगळी गोष्ट, तिथे कोणी वाचवत नाही.

राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले खटले मागे घ्यायला सरकार मधूनमधून जीआर काढतं, पण त्यावर विसंबू नका, जीआर आला म्हणजे केस संपली असं नसतं. सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, त्यात वेळ जातो, आणि तोवर फॉर्मवर ती केस लिहावीच लागते. म्हणून तुमच्या पोराचं नाव एफआयआरमध्ये आलं असेल तर त्याला ओरडण्याआधी एफआयआरची प्रत काढून घ्या, कलमं कुठली लागलीत ते वकिलाला दाखवा आणि कोर्टाची तारीख चुकवू नका. गैरहजर राहिल्याने वॉरंट निघतं आणि साधी केस तिथून वाढते.