दीडपट वेगवान? मग उलटा भागाकार करून पाहा

नागपुरातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा:

«जुन्या आणि नव्या मशीनवर चार कामं लावली. व्हिडिओ एक्सपोर्ट 100 मिनिटांवरून 25 वर आला, कलर करेक्शन 80 होतं ते 80च राहिलं, अल्बमचे फोटो 30 वरून 60 आणि बॅकअप 60 वरून 120 मिनिटांवर गेला. म्हणजे 4, 1, अर्धा पट आणि अर्धा पट. बेरीज 6, भागिले 4, दीडपट वेगवान! भूमितीमध्यात मोठा फायदा दबतो. जुनं मशीन कायम पाया म्हणून ठेवलं की घोळ नाही.»

आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. जोरदार ग्राफिक्स कार्ड आणि संथ डिस्क असलेल्या मशीनवर असं घडू शकतं. खोट आहे ती निष्कर्षात, आणि त्यावर भाऊलोक मोठी रक्कम खर्च करायला निघालेत.

पहिला मुद्दा दीडपटीचा. हाच हिशेब उलट्या बाजूने मांडू: जुनं मशीन नव्यापेक्षा किती पट वेगवान? एक्सपोर्टमध्ये पाव पट, कलरमध्ये 1, अल्बममध्ये 2, बॅकअपमध्ये 2. बेरीज 5.25, भागिले 4, सुमारे 1.31. त्याच आठ वेळांवरून नवं मशीन जुन्याच्या दीडपट ठरतं आणि जुनं नव्याच्या 1.31 पट. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

असं का होतं? कारण दोन्ही सरासऱ्यांमागे वेगवेगळं काम गृहीत आहे. 1.5 हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा नव्या मशीनवर चारही प्रकारचं काम प्रत्येकी एक तास चालेल. तेवढंच काम जुन्यावर 4 + 1 + ½ + ½, म्हणजे 6 तास घेईल. पण नव्यावर तासभर चालणारं एक्सपोर्ट म्हणजे चाचणीतल्यापेक्षा दुपटीहून जास्त व्हिडिओ, आणि तासभर बॅकअप म्हणजे चाचणीतल्याच्या निम्मा. जिथे नवं मशीन बलवान तिथलं काम वाढलं, जिथे ते दुबळं तिथलं घटलं. उलट्या हिशेबात हाच झुकाव जुन्या मशीनच्या बाजूने जातो. हे वजन कुणी ठरवून दिलेलं नाही, भागाकारात खाली कोण आहे त्यावरून ते आपोआप पडतं.

म्हणूनच जुनं मशीन कायम पाया ठेवल्याने घोळ मिटत नाही, फक्त दिसेनासा होतो. पाया बदलला की विजेता बदलतो, तर पाया निवडणाऱ्यानेच निकाल निवडला. भूमितीमध्यात ही पळवाट नाही. दहावीत दोन संख्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचो, इथे चार गुणोत्तरांच्या गुणाकाराचं चौथं मूळ: 4 × 1 × ½ × ½ = 1, आणि त्याचं मूळही 1. उलट्या बाजूनेही 1च. तिसरंच मशीन पाया धरून दोघांचे भूमितीमध्य काढले, तरी त्यांचं एकमेकांशी गुणोत्तर तेच राहतं. फ्लेमिंग आणि वॉलेस या संशोधकांनी 1986 साली नेमकं हेच मांडलं होतं. एसपीईसी ही संस्थाही प्रोसेसरच्या चाचण्यांमध्ये संदर्भ मशीनशी गुणोत्तरं काढून त्यांचा भूमितीमध्यच देते.

आता मोठा फायदा दबतो या आक्षेपाकडे. साध्या सरासरीत एखादं काम दुप्पट वेगाने झालं तर बेरजेत 1 वाढतो, पण दुप्पट वेळ लागला तर फक्त अर्धा कमी होतो. नुकसान कितीही मोठं असो, त्याची किंमत कधी 1 च्या वर जात नाही, फायद्याला मात्र कमाल मर्यादाच नाही. इथे दबतं ते नुकसान. भूमितीमध्यात दुप्पट वेग आणि दुप्पट वेळ एकमेकांना नेमकं छेदतात, आणि चौपट फायदा छेदायला दोन वेळा दुप्पट तोटा व्हावा लागतो. एक्सेलमध्ये चार गुणोत्तरं B2 ते B5 मध्ये लिहिली की `=GEOMEAN(B2:B5)` पुरेसं आहे. एखादी चाचणी पडली म्हणून तिथे 0 टाकलात तर `#NUM!` येईल. ती चाचणी वेगळी नोंदवा.

मात्र भूमितीमध्याचा 1 तुमच्या कामाचे तास सांगत नाही, हेही तितकंच खरं. चारही कामं एकेकदा केली तर जुन्याला 270 मिनिटं लागतात, नव्याला 285. एका लग्नामागे एक्सपोर्ट दोनदा होत असेल, तर जुनं 370 आणि नवं 310 मिनिटं घेईल, म्हणजे नवं सुमारे 1.19 पट वेगवान. अशा वेळी गुणोत्तरांची कुठलीच सरासरी नको, मिनिटांची बेरीज हवी. पण त्यासाठी कुठलं काम किती वेळा होतं ते माहीत असावं लागतं. ते माहीत नसताना, किंवा दहा वेगळ्या स्टुडिओंना एकच आकडा द्यायचा असताना, भूमितीमध्य घ्या. सीताबर्डीत मशीन बुक करायला निघालेल्यांनी आधी मागच्या सीझनच्या फोल्डरांमधून एक्सपोर्ट, कलर करेक्शन, अल्बम आणि बॅकअप किती झाले ते मोजावं, आणि दोन्ही मशीनच्या वरच्या वेळांना त्या संख्यांनी गुणून बेरीज करावी.