मानेची मागची बाजू रिकामी नाही

“मानेच्या पुढच्या भागात श्वासनळी, मोठी शीर अन् थायरॉईड राहते, म्हणून तिथल्या गाठीले हात लावू नका. मागच्या बाजूच्या गाठीत मात्र काहीच धोका नाही, तिथं फक्त मांस अन् चरबी असते. गाठ दुखत नसेल तर ती साधीच समजा. गावातल्या दवाखान्यात सुन्न करून दहा मिनिटांत काढून घ्या, मोठ्या दवाखान्यात पैसे घालू नका. सगळ्यांना पाठवा.”

हा मेसेज आमच्या तालुक्यात मोबाईलवरून मोबाईलवर फिरतो आहे. तो वाचून गाठ काढून घेतलेले लोकही आता माझ्याकडे तपासायला येऊ लागले आहेत, म्हणून त्यातल्या एकेका गोष्टीकडे पाहू.

आधी ‘मागची बाजू’ म्हणजे नेमकी कोणती ते ठरवू. उजवा तळवा उजव्या जबड्यावर ठेवा आणि हाताने अडवत असतानाच तोंड उजवीकडे वळवायचा जोर लावा. डाव्या कानामागच्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडाकडे तिरका उतरणारा एक जाड पट्टा ताठ होऊन वर येईल. त्याचं नाव स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड. शरीरशास्त्रात मानेची पुढची आणि मागची बाजू या स्नायूवरून ठरते. त्याची पुढची कड, जबड्याची खालची कड आणि गळ्याची मधली रेघ यांच्यात येतो तो पुढचा त्रिकोण. त्याची मागची कड, मानेवरून खांद्यावर उतरणाऱ्या ट्रॅपिझियस स्नायूची पुढची कड आणि खाली हासळीच्या हाडाचा मधला तिसरा भाग यांच्यात येतो तो मागचा त्रिकोण. म्हणजे मागचा त्रिकोण मणक्यावर नसून मानेच्या कुशीला असतो. मेसेज वाचणारा ‘मागची बाजू’ म्हणजे मानगूट समजतो आणि गाठ मात्र कुशीतली काढून घेतो. अर्धा घोळ इथेच होतो.

आता ‘फक्त मांस अन् चरबी’ या वाक्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. मागच्या त्रिकोणाचा तळ स्नायूंचा आहे हे खरं. त्या स्नायूंवर एक घट्ट पडदा असतो आणि हाताकडे जाणाऱ्या जाड नसा त्या पडद्याखाली असतात. त्रिकोणाच्या वरच्या, मोठ्या भागात काम करणाऱ्याला म्हणूनच वाटतं, की पडद्याला धक्का लावला नाही म्हणजे झालं. पण एक नस त्या पडद्याच्या वरून जाते. ती स्पायनल ॲक्सेसरी, मेंदूकडून येणाऱ्या नसांपैकी अकरावी. साधारणपणे स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइडच्या मागच्या कडेच्या वरच्या आणि मधल्या तिसऱ्या भागाच्या सांध्यापाशी ती बाहेर पडते, तिरकी खाली-मागे जाते आणि हासळीच्या सुमारे 5 सेंटिमीटर वर ट्रॅपिझियसखाली शिरते. या वाटेवर तिच्या आणि चाकूच्या मध्ये कातडी, थोडी चरबी आणि एक पातळ आवरण एवढंच असतं. बारीक माणसात ती कातडीच्या किती जवळ आहे हे पाहून शिकाऊ डॉक्टर दचकतात.

त्यात भर म्हणजे मागच्या त्रिकोणातल्या लसीका गाठींची एक साखळी याच नसेच्या कडेकडेने बसलेली असते. गाठ सुजली की नस तिच्या पाठीला चिकटते किंवा तिच्यावरून ताणली जाते. म्हणजे जी गाठ हाताला सहज लागते आणि ‘वरवरची, सोपी’ वाटते, तिच्याच खाली नस असण्याचा संभव जास्त. मागच्या त्रिकोणातली गाठ तपासणीसाठी काढणं हे या नसेला इजा होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मानलं जातं.

एक उदाहरण सांगतो. वेचणीच्या हंगामात तिशीच्या आतली एक बाई आली. उजव्या बाजूला, स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइडच्या मागच्या कडेपासून दोन बोटांवर, मानेच्या मध्यावर 2 सेंटिमीटरचा छान भरलेला व्रण होता. गाठ बाहेर कुठेतरी काढली होती. ती म्हणाली, “साहेब, गाठ गेली, पण मले टोपलं डोक्शावर घेताच येत नाही.” सासूचं म्हणणं होतं, की सून काम टाळते. आधीच्या डॉक्टरांनी तिला खांदे उडवायला लावले होते, खांदा थोडा उचलला गेला आणि ‘नस ठीक आहे, मालिश करा’ असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं होतं.

ही चाचणी फसवते. खांदा वर ओढायला लिव्हेटर स्कॅप्युली नावाचा दुसरा स्नायू आहे, त्याची नस वेगळी. त्यामुळे ट्रॅपिझियस बंद पडला तरी खांदा थोडाफार उडतो. मी तिला पाठमोरी उभी केली. उजवा खांदा उतरलेला होता आणि मानेकडून खांद्याकडे येणारा उतार सपाट झाला होता. हात बाजूने वर घ्यायला सांगितला तर तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. त्या वेळी खवाट्याचं हाड कण्यापासून बाहेरच्या अंगाला सरकून उचकटल्यासारखं दिसलं. मग हनुवटीला हात लावून तोंड डावीकडे वळवायला सांगितलं. उजवा स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड टणक उभा राहिला. त्याला याच नसेची फांदी जाते, पण ती नस त्रिकोणात येण्याआधीच निघते. हा स्नायू चालतो आणि ट्रॅपिझियस चालत नाही, याचा अर्थ नस दोघांच्या मध्ये, म्हणजे बरोबर मागच्या त्रिकोणात तुटली आहे. व्रणही तिथेच होता.

ऑपरेशनच्या दिवशी हे कुणाच्या लक्षात का येत नाही? ही नस मुख्यतः स्नायू हलवणारी आहे. ती तुटल्याने कातडी बधिर होत नाही, म्हणून रोग्याला काही वेगळं जाणवत नाही. सुन्न करायच्या इंजेक्शनने तासभर नस तशीही गप्प झालेली असते. पुढचे काही दिवस हात जपूनच वापरला जातो. खांदा दुखायला लागतो तेव्हा त्याचा संबंध मानेवरच्या छोट्या टाक्यांशी कुणी जोडत नाही. तिला नागपूरला पाठवलं, तोवर चौथा महिना लागला होता. नसेची दोन टोकं शोधून मध्ये दुसऱ्या नसेचा तुकडा जोडावा लागला. नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, त्यामुळे सुधारणा दिसायला बरेच महिने गेले. आता हात डोक्यावर जातो, पण जड ओझ्याला खांदा अजून दुखतो. आणि काढलेली गाठ? ती टीबीची निघाली. ती कापायची गरजच नव्हती.

त्रिकोणाचा खालचा, हासळीवरचा छोटा भाग याहून नाजूक आहे. हाताला रक्त नेणारी धमनी पहिल्या बरगडीवरून इथूनच जाते आणि हाताच्या नसांचे जाड दोर तिच्या शेजारी असतात. कातडीखालून दिसणारी बाहेरची जुगुलर शीर इथे वरचा पडदा भेदून आत शिरते आणि त्या ठिकाणी तिची भिंत पडद्याला चिकटलेली असते. म्हणून ती कापली गेली तर मिटत नाही, उघडीच राहते. रोगी डोकं वर करून बसलेला असेल तर श्वासाबरोबर तिच्यातून हवा आत ओढली जाऊन हृदयापर्यंत पोचू शकते. खुर्चीत बसवून इथली गाठ काढणाऱ्याला मी चाकू खाली ठेवायला सांगेन.

न दुखणाऱ्या गाठीबद्दल तर मेसेज बरोबर उलटं सांगतो. डोक्यात उवा, फोड किंवा जखम असली की मुलींच्या मानेला गाठी येतात. त्या दुखतात आणि मूळ कारण गेलं की बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. टीबीची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. लिम्फोमा म्हणजे लसीका गाठींचाच कॅन्सर, त्याची गाठ रबरासारखी लागते, तीही दुखत नाही. कॅन्सर पसरून आलेली दगडासारखी गाठ तर बहुतेक वेळा मुळीच दुखत नाही. डाव्या हासळीच्या लगेच वर अशी टणक गाठ लागली तर आम्ही मानेपेक्षा पोटाची चौकशी आधी करतो. पोटातली लसीका वाहून आणणारी मोठी नळी डाव्या बाजूला याच जागेजवळ शिरेला मिळते, त्यामुळे जठराचा कॅन्सर कधी कधी पहिल्यांदा इथे दिसतो.

मग काय करायचं? आधी सुई. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरवतात, तिला एफएनएसी म्हणतात. टीबीचा संशय असेल तर तोच नमुना सीबीनॅट या टीबीच्या चाचणीला जातो. नसेला धोका नाहीच्या बरोबर आणि टाकाही लागत नाही. टीबी निघाला तर सरकारी औषध फुकट मिळतं, साधारण 6 महिन्यांचं. हीच गाठ पू झाला म्हणून चिरली तर जखम महिनोन्महिने वाहत राहते. जुने लोक गंडमाळेला भितात ते यामुळे. सुईतून निदान झालं नाही किंवा लिम्फोमा वाटला, तर अख्खी गाठ काढावीच लागते. पण ती ऑपरेशन थिएटरात, झोपवून, नस आधी शोधून काढायची. सर्जन चिमट्याने किंवा करंटने हळूच चाचपतो तेव्हा खांदा उडाला तर नस तिथेच आहे हे कळतं, आणि त्या जागी खूप सुन्न करायचं औषध भरलं असेल तर ही खूण मिळत नाही. दहा मिनिटांत हे होत नाही.

पुढच्या बाजूबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. गळ्याची मोठी धमनी पुढच्या त्रिकोणात थायरॉईड कूर्चेच्या वरच्या कडेपाशी दुभंगते, आणि तिथली ठोके देणारी गाठ कुणीच टोचू नये. पण ‘हात लावू नका’ हे ऐकून आपल्याकडचे खर्रा खाणारे लोक जबड्याखालची गाठ दाखवायलाच येत नाहीत. गालातला कॅन्सर बहुधा आधी याच जागी, जबड्याची कड आणि डायगॅस्ट्रिक स्नायूच्या दोन पोटांमधल्या छोट्या त्रिकोणातल्या गाठींत उतरतो. तिथली गाठ चिरायची नसते, आधी टॉर्च घेऊन तोंड पाहायचं असतं आणि मग सुई. अशी गाठ नुसती काढून टाकली तर पुढे मानेच्या पूर्ण ऑपरेशनची जागा बिघडते.

आणि ज्यांनी मागच्या त्रिकोणातली गाठ आधीच काढून घेतली आहे, त्यांनी टाके काढायला जाताना सदरा उतरवून घरच्या माणसाकडे पाठ करून उभं राहावं. दोन्ही हात बाजूने उचलून डोक्यावर एकमेकांना लावावेत. एक हात खांद्याच्या रेषेत अडला किंवा त्या बाजूचं खवाटं बाहेर सरकलं, तर मालिशीत आणि गोळ्यांत वेळ घालवू नका. नागपूरचं मेडिकल, सेवाग्राम किंवा सावंगी, जिथे सोयीचं असेल तिथे त्याच महिन्यात जा आणि ‘गाठ काढल्यापासून हात वर जात नाही’ एवढंच वाक्य सांगा. पहिल्या काही महिन्यांत नस जोडली तर स्नायू परत चालू होण्याची आशा बरी असते. वर्ष उलटलं की नुसती नस जोडून फारसं हाती लागत नाही, खवाट्याचे दुसरे स्नायू हलवून बसवावे लागतात.