मामांचं अठ्ठावन्न

४४.६. ॲसिटोनचं मोलर वस्तुमान ५८, हे बारावीच्या पोरांनाही पाठ असतं. आणि मी, त्याच गोष्टीचा पगार घेणारा माणूस, वर्गासमोर फळ्यावर ४४.६ लिहून उभा. राग अजून गेलेला नाही.

वाफेच्या वजनावरून मोलर वस्तुमान काढायच्या ड्युमा पद्धतीची कृती तशी किरकोळ. कोरडा, १२५ मिलीचा कोनिकल फ्लास्क घ्या, तोंडावर फॉइल घट्ट बसवा, टाचणीने एकच बारीक भोक पाडा आणि फॉइलसकट वजन करा. मग आत तीन मिली ॲसिटोन घालून फ्लास्क गळ्यापर्यंत उकळत्या पाण्यात धरा. बर्नर नको, विजेचा हीटर; ॲसिटोनला ज्योत दाखवायची नसते. तीन मिलीची वाफ फ्लास्कच्या आठपट होते. ती आतली हवा हाकलते आणि उरलेली स्वतःही भोकातून निघून जाते. थेंब दिसेनासा झाला की मिनिटभर थांबून काढायचं, गार करायचं, पुसायचं, पुन्हा वजन. शेवटी फ्लास्क पाण्याने काठोकाठ भरून खरं आकारमान मोजायचं. १२५ हा नुसता छापील आकडा. माझा निघाला १४८.

वजनातला फरक ०.२१४ ग्रॅम, पाणी ९९ अंशांवर, दाब ७५२ मिमी. M = mRT/PV. उत्तर वर दिलंच आहे.

तेवढ्यात लॅबमधले मामा पुढे आले. हातात फडकं.

"सर, अठ्ठावन्न येतं ह्याचं."

"माहीत आहे, मामा."

"बावीस वर्षं बघतोय. तुमच्या आधीच्या सरांचं यायचं. त्यांच्या आधीच्या मॅडमचं तर साडेअठ्ठावन्न."

"मामा, मी सगळं नीट केलंय."

"तेच चुकतं ना! तुम्ही लई पुसता." त्यांनी माझा फ्लास्क उजेडात धरला. फॉइलच्या काठाखालची प्रत्येक घडी मी टिपकागदाने कोरडी केली होती. ती त्यांनी एखाद्याची नको ती सवय उघडी पडावी तशी बघितली. "आधीचे सर असं फडकं फिरवायचे," एक वार हवेतच, "आणि ठेवायचे तराजूवर."

पोरं हसली. पहिल्या बाकावरच्या एकाने हे वहीत लिहून घेतलं.

खरी चीड ही, की मामा बरोबर होते. फॉइलच्या घडीत पाण्याचा एक थेंब राहिला तर ०.०५ ग्रॅम वाढतात आणि उत्तर दहाने वर चढतं. थेंब जरा गुबगुबीत असला तर ४४.६चे थेट ५८ होतात. पावसाळ्यात मुंबईत तर फडकंही आधीच ओलं असतं. कित्येक वर्षांच्या जर्नलांमध्ये लाल पेनाने 'उत्तम' मिळवलेलं उत्तर म्हणजे ॲसिटोन अधिक नळाचं पाणी.

मग कोरड्या फ्लास्कचं कमी का येतं? पहिल्या वजनात फ्लास्क हवेने भरलेला असतो. गार झाल्यावर वाफेचं द्रव होतं, हवा परत येते आणि हिशोब जुळतो, असं आपण शिकवतो. पण ॲसिटोन सगळंच्या सगळं खाली बसत नाही. आपल्या ३० अंशांना त्याचा बाष्पदाब २८५ मिमी, म्हणजे एकूण ७५२ पैकी ३८ टक्के. लोकलच्या डब्यात बसलेला माणूस उठेपर्यंत तुम्ही बसू शकत नाही, तसं तेवढ्या जागेत हवा परत येतच नाही. फ्लास्कभर हवेचं वजन ०.१७ ग्रॅम, त्याचे ३८ टक्के, म्हणजे ०.०६५ ग्रॅम, दुसऱ्या वजनातून गायब. ते मिळवा: ०.२७९. आता करा गणित. ५८.

खुद्द ड्युमाने १८२६ मध्ये काचेचा गोळा घेतला होता आणि वाफ भरल्यावर त्याची ओढलेली चोच ज्योतीत वितळवून बंद केली होती. हवा परत शिरायची सोयच नाही. ही फॉइल-टाचणीची काटकसर आपली, आणि तिची भरपाई करणारी ओळ प्रयोगाच्या छापील कागदावर नाही.

हे सगळं मी फळ्यावर मांडलं. पोरांनी उतरवलं ते फक्त ५८.

सोपा उपाय म्हणजे कमी उडणारा द्रव घेणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल ८२ अंशांना उकळतं, ३० अंशांना त्याचा बाष्पदाब साठेक मिमीच. चूक बरीच आटोक्यात येते. स्टोअरला दोनदा लिहून दिलं. उत्तर मामांकडूनच आलं.

"सर, ॲसिटोनच्या अडीच लिटरच्या दोन बाटल्या पडल्यात. आधी त्या संपवा म्हणाले."

तीन-तीन मिली करत.