चतुर्थीचा बेत एका ओळीत कसा बुडवावा

कोकणातली चतुर्थी बुडवायला पाऊस लागत नाही, दरड लागत नाही, फक्त एक फॅमिली ग्रुप लागतो आणि त्यात सकाळी लवकर उठणारी माणसं. आमच्याकडे दोन्ही आहे म्हणून अनुभवाचे बोल सांगतोय, लिहून घ्या.

पहिली गोष्ट, मेसेज कधीही पूर्ण लिहू नका. वाक्य तोडायचं, मधेच एंटर मारायचा, उरलेलं मागाहून. गावातलं नेटवर्क बाकीचं बघून घेतं. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. त्याआधीच्या रविवारी गावाहून आमच्या दादाने काय पाठवलं बघा:

६:४२ दादा (गाव): मोठी काकी गेली

बास. पुढची ओळ त्याने लगेच टाकली होती, पण ती त्याच्या मोबाईलवर घड्याळाचं चिन्ह दाखवत बसली आणि दादा फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवून गोठ्यात गेला. काकी सणाच्या तोंडावर कुडाळच्या बाजारात जाते हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहितीय, पण ग्रुपवर आलं की माणसाची माहिती संपते.

६:४४ नानाकाका (डोंबिवली): अरे देवा 😢 कधी?
६:४४ पम्या (पुणे): भावपूर्ण श्रद्धांजली 💐
६:४५ संध्यावहिनी (ठाणे): परवाच बोलले हो त्यांच्याशी, चांगल्या होत्या
६:४९ यश (दुबई): ओम शांती 🙏🙏
६:५८ पम्या (पुणे): [फोटो]

फोटोबद्दल खास टीप: तो तयार असलाच पाहिजे. पम्याने त्याच्या लग्नातल्या ग्रुपफोटोतून काकीला कापली, बाजूला कोणाचातरी अर्धा खांदा तसाच ठेवला, वर झेंडूचा हार चढवला. चौदा मिनिटांत! ह्याच माणसाला गणपतीच्या डोक्यावर रानफळं टांगून बांधायच्या माटवीच्या खर्चाचा हिशोब टाक म्हणून आम्ही जुलैपासून सांगत होतो.

फोन कोणी करायचा नाही.

आता शास्त्र. ही खरी मजा, इथे घाई करू नका. कोणी गेलं की रडण्याआधी सुतक मोजायचं असतं.

७:०५ नानाकाका: म्हणजे १० दिवस. २ सप्टेंबरपर्यंत. गणपती नाही बसणार यंदा
७:०७ संध्यावहिनी: भावकीबाहेरच्या कोणाकडून पूजा करून घेतात ना?
७:०८ नानाकाका: आपल्यात नाही करत
७:०९ संध्यावहिनी: माझ्या माहेरी करतात
७:०९ नानाकाका: ते तुमच्या माहेरी
७:१३ पम्या: साखरचौथीला आणूया की मग. पितृपक्षात येते ती संकष्टी. पेण अलिबागकडे आणतात अडचण असली की
७:१४ नानाकाका: आपण पेणचे आहोत का?

बघा, वाद किती सखोल. काकीला काय झालं होतं, हॉस्पिटलमध्ये नेलं होतं का, अंत्यसंस्कार किती वाजता, आपल्याला पोचायचंय का, ह्यातलं एक अक्षर नाही. नानांचा 'कधी?' तेवढा विचारून झाला, उत्तर आलं नाही हे त्यांच्याही लक्षात राहिलं नाही. ज्याच्या घरात मयत झालंय असं तुम्ही धरून चाललाय तो माणूस अर्धा तास एक शब्द बोलत नाहीये आणि तुम्ही पेण, अलिबाग आणि वहिनींचं माहेर करताय.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे तिकीट. ही मन लावून करायची. आमचं सहा जणांचं एकच तिकीट, सोमवारी रात्रीचं, पम्याच्या आयडीवरून. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं आणि गणपतीचं म्हटलं तर ८ वाजून काही मिनिटांत वेटिंग लागतं, हे चाकरमान्यांना मी सांगायला नको. त्या सकाळी घरातले सगळे वेगवेगळे मोबाईल धरून बसले होते, पम्याचं लागलं, सहा बर्थ कन्फर्म, आम्ही त्याला देव मानला. तर ह्या देवाने ७:३१ ला लिहिलं, 'तिकिटं कॅन्सल केली. उशीर केला तर जास्त कापतात.' कोणाला विचारलं नाही हो! बरं, माणूस खरंच गेलं असतं तर गावी जायला नको होतं का? उलट आधी जायला लागलं असतं, पण असो, ह्याला पैसे वाचवायचे होते. ४८ तासांच्या आत आलो होतो म्हणून २५ टक्के कापलेच, आणि कॅन्सल केलेली सीट काय आपल्यासाठी राखून ठेवतात? ती त्याच मिनिटाला वेटिंगवाल्याची झाली. खरं कळल्यावर ११ ला स्लीपरचं तत्काळ मारून बघितलं. तत्काळबद्दल मी काही बोलत नाही. नंतर बसने गेलो. हायवेबद्दलही काही बोलत नाही.

खरं कळलं कसं, तर नानांनी मूर्ती नको म्हणून सांगायला गणपतीच्या शाळेत फोन केला. आमचा पाट दोन महिने आधीच तिकडे गेलेला असतो, त्याच्यावरच मूर्ती घडवतात, मागच्या बाजूला खडूने आमचं नाव. नाना गंभीर आवाजात म्हणाले, आमच्या वहिनी गेल्या, यंदा गणपती नाही. मूर्तिकार म्हणाला, "हां, सकाळीच गेली ती. हयसून जाताना गणपतीचे डोळे बघून गेली, बारीक झाले म्हणाली."

ग्रुपवर अख्ख्या सकाळीत झालेला हा पहिला फोन. तोही चुकीच्या कामासाठी.

९:२६ दादा (गाव): कुडाळला. माटवीचं सामान आणायला. ११ च्या एसटीने येते
९:२७ दादा (गाव): हे काय चाललंय? फोटो कसला?

मग डिलीटचा पाऊस. मेसेज दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण 'हा मेसेज डिलीट केला' अशी ओळ मागे राहते, त्यामुळे काकीने घरी येऊन चार्जिंगचा फोन उघडला तेव्हा खाली रांगेने त्याच ओळी, आणि वर हार घातलेली ती स्वतः, कारण फोटो डिलीट करताना पम्याने 'फक्त माझ्यासाठी' दाबलं. तिचा व्हॉइस मेसेज आला:

"मेल्यांनो, माझ्या फोटोक हार कोणी घातल्यान? थयसर मी एका कवंडळासाठी बाजारात भांडतंय आणि हयसर तुम्ही माका वर पोचवलात?"

ह्यावर यशचं पुन्हा ओम शांती. त्याने वाचलंच नव्हतं.

आम्ही मंगळवारी दुपारी पोचलो तेव्हा माटवी बांधून झाली होती. कवंडळं, हरणं, आंबाडे, सुपारीचा घोस, सगळं दादाने एकट्याने टांगलेलं. पोरांना वर्षभर त्याच एका कामाची ओढ असते, कोण स्टुलावर चढणार ह्यावरून मारामाऱ्या होतात. धाकटी खालून बघत बसली.

आता सरळच बोलतो. ज्या बाईच्या हातचे मोदक खायला तुम्ही रात्रभर प्रवास करता ती गेली असं वाचलंत आणि एकालाही फोन उचलून दादाला विचारावंसं वाटलं नाही? 'अशा वेळी कसं विचारायचं' म्हणे. हार चढवताना नाही वाटलं कसं चढवायचा? दादाचा लागत नाही तर शेजारी फोन आहे, सरपंचाचा नंबर आहे, काकीचा स्वतःचा नंबर आहे, तोच लावून बघायचा होता. आणि दादा, तू पण, अर्धं वाक्य पाठवून गोठ्यात जाऊ नकोस. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तिकिटं माझ्या आयडीवरून निघतील. आणि पम्या, गेल्या वर्षीचे ते २५ टक्के अजून तू दिलेले नाहीस. ग्रुपवर अंगठा नको दाखवूस, पैसे पाठव.