उतरलो तिथं समोर परतीचा स्टॉप असतो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

हायवेवरच्या गावाला बसनं जाणं सोपं आहे, तिथनं परत येणं म्हणजे डोक्याला ताप. जाताना कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडतो, बस थांबते, उतरलो, झालं. पण संध्याकाळी बेळगावला परत यायची बस कुठं थांबते ते शोधायला लागलं की कळतं, हा रस्ता ज्यांनी आखला त्यांच्यापैकी एकजण तरी कधी लाल बसनं घरी गेलाय का नाही.

माझी मावशी निपाणी आणि संकेश्वरच्या मधल्या एका गावात राहते, गावाचं नाव सोडा, हायवेकडेची सगळी गावं आता सारखीच झालीत, मधनं फ्लायओव्हर, दोन्ही अंगाला सर्व्हिस रोड आणि खाली एक बोगदा. पूर्वी रस्ता साधा होता तेव्हा अलीकडं उतरायचं आणि पलीकडं जाऊन उभं राहायचं, मधे दहा पावलं. आता मधे मातीचा भराव घालून काँक्रीटची भिंत उभी केलीय, पलीकडची बस आली का गेली ते दिसत पण नाही, नुसता आवाज येतो.

आणि ही भिंत केवढी लांब असते ते कधी चालून बघा. खालून उसाचा ट्रक जायला पाहिजे म्हणून साडेपाच मीटर उंची ठेवतात, त्यावर पुलाची जाडी, म्हणजे रस्ता साधारण सात मीटर वर चढवायचा. आता हायवेवर गाड्या सुसाट जाणार म्हणून चढ एकदम देता येत नाही, तीस-चाळीस मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर, असा सावकाश द्यावा लागतो. करा हिशोब, एका बाजूला दोनशे ते पावणेतीनशे मीटर, तेवढंच दुसऱ्या बाजूला. गाडीवाल्याला हे अर्ध्या मिनिटात संपतं. पायी चालणाऱ्याला अर्धा किलोमीटरची भिंत आणि तिला मधोमध एकच भोक!

बरं, भोकातनं पलीकडं गेलो म्हणजे स्टॉप मिळाला असं पण नाही. खरी गंमत पुढंच आहे आणि ही कुणी सांगत नाही म्हणून माझं डोकं फिरतं.

आईला घेऊन गेलो होतो. बेळगावहून निपाणीकडं जाणारी बस पुलाच्या अलीकडं हायवे सोडून सर्व्हिस रोडला उतरली, बोगद्याचं तोंड ओलांडलं आणि थोडं पुढं जाऊन थांबली. परत येताना आईचं म्हणणं अगदी सरळ, उतरलो तिथं समोर जाऊन उभं राहायचं. कुठल्याही शहाण्या माणसाला असंच वाटणार. पण बस कुठल्याही दिशेनं येऊ दे, ती चौक ओलांडूनच थांबते, कारण चौकाच्या तोंडावर थांबली तर मागच्या गाड्या अडकतात आणि वळणाऱ्याला समोरचं दिसत नाही. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण जाणारी बस बोगदा ओलांडून निपाणीच्या अंगाला थांबणार आणि येणारी बस बोगदा ओलांडून बेळगावच्या अंगाला थांबणार, म्हणजे दोन स्टॉप समोरासमोर कधीच येणार नाहीत, तिरपे येणार! साध्या चौकात हा तिरपेपणा पन्नास पावलांचा असतो, कुणाला जाणवत नाही. फ्लायओव्हरच्या गावात तोच ताणून कुठल्या कुठं जातो.

हे कळायला एखादा बोर्ड? छे. बोगद्यातनं बाहेर पडलो, आई डावीकडं वळली, कारण उतरलेली जागा त्या बाजूला. तिथं एक निवारा पण होता, पत्र्याचा, आत सिमेंटचा कट्टा, वर ज्यांच्या फंडातनं बांधला त्यांचा हसरा फोटो, बस कुठली कुठं जाणार त्याचं एक अक्षर नाही. आई कट्ट्यावर बसली. शेजारच्या गॅरेजवाल्यानं बघितलं आणि हातातला पाना न सोडताच म्हणाला, "काकू, हितं बस न्हाई थांबत. तो निवारा जुन्या रस्त्याचा हाय. बोगद्याच्या त्या अंगाला जावा, चहाच्या गाड्याफुडं." म्हणजे रस्ता बदलला, चौपदरी झाला, पूल आला, आणि निवारा तसाच राहिला, लोकांना चुकीच्या जागी बसवायला! तेवढ्यात सर्व्हिस रोडनं बस आलीच. हात केला. ड्रायव्हरनं पुढं बोट दाखवलं आणि कंडक्टर दारातनं ओरडला, "मुंद होग्री, मुंद!" मुंद होग्री काय, आईचे गुडघे काय ऑलिम्पिकचे आहेत? बस बोगदा ओलांडून पुढं थांबली, चार माणसं चढली, आणि आम्ही अर्ध्या वाटेत असताना गेली.

कंडक्टरचा राग आला पण त्याचं एकट्याचं काय चुकलं, तो वाटेल तिथं थांबायला लागला तर पोचणार कधी.

मग पुढच्या बसची वाट. आता आमच्या आईचा आणखी एक नियम आहे, बस कर्नाटकचीच पाहिजे, कारण जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसला शून्य तिकीट आहे आणि आधार कार्ड ती पर्समध्ये देवाच्या फोटोशेजारी ठेवते. महाराष्ट्राची लाल परी आली तर ही बसणार नाही, तिकडची अर्ध्या तिकिटाची सवलत तिकडच्या हद्दीत, इथं पूर्ण पैसे. तसं पण कोल्हापूरहून येणारी लांब पल्ल्याची बस अशा गावाला खाली उतरतच नाही, वरनं पुलावरनं सरळ निघून जाते. आपण खाली उभे, डोक्यावरनं "बेळगाव" पाटीवाली बस चाललीय, हात कुणाला करायचा?

आणि काही ड्रायव्हर तर सर्व्हिस रोडला उतरायला नको म्हणून वरच थांबवतात. पूल उतरला की कडेला घेतात आणि म्हणतात उतरा इथंच. ज्यांना चढायचंय ते मग भरावाच्या उतारावरनं गवतातनं घसरत वर जातात, पिशव्या घेऊन, पोरं घेऊन, शेजारनं कंटेनर ऐंशीनं चाललेत. डिव्हायडरमधल्या कण्हेरीच्या झाडांत बघा कधी, बरोबर एक माणूस जाईल एवढी फट पडलेली असते आणि खाली माती पायानं घट्ट झालेली. लोक मूर्ख म्हणून तिथनं जात नाहीत हो. बोगद्याला वळसा घालायचा म्हणजे अर्धा किलोमीटर, पावसाळ्यात त्यात घोटाभर पाणी, आणि बस समोर दिसतीय. काय करणार माणूस? अपघात झाला की पेपरात "निष्काळजीपणे रस्ता ओलांडताना". निष्काळजी कोण ते पण छापा की एकदा!

फोनवरचा मॅप म्हणाल तर त्याच्यात दोन्ही दिशांना मिळून एकच ठिपका. तो पण बरोबर डिव्हायडरवर. तिथं उभं राहू?

शेवटी मी जे करतो ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर होऊ दे. बोगद्यातनं पलीकडं आलं की उतरलेल्या जागेचा विचार डोक्यातनं काढून टाकायचा आणि आपल्याला ज्या गावाला जायचंय तिकडं तोंड करून चालायचं, सर्व्हिस रोडच्या गाड्या ज्या बाजूला चालल्यात त्याच बाजूला. आम्हाला बेळगावला यायचं होतं, म्हणजे बाहेर पडल्यावर उजवीकडं. निवारा दिसला म्हणून थांबायचं नाही, निवारा हा काही पुरावा नव्हे. जमिनीकडं बघायचं. बस रोज थांबते तिथं डांबरावर तेलाचे काळे डाग असतात, कडेला फाटलेल्या तिकिटांचे कपटे, शेंगांची टरफलं, आणि एखादा चहावाला ज्याचं बाकडं येणाऱ्या बसकडं तोंड करून ठेवलेलं असतं. ही चार लक्षणं एकत्र दिसली की तिथं बूड टेकायचं. आणि एवढं करून पण चहावाल्याला विचारायचंच, कारण काही गावांत सर्व्हिस रोड अर्धवट सोडलाय, तिथं बस बोगद्यापर्यंत येतच नाही, पुलाच्या सुरुवातीलाच माणसं घेते आणि वर चढते. तिथं माझा हा नियम पार उलटा पडतो.

जाताना उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारून घ्या असं पण लोक सांगतात. विचारलं मी. त्यानं हात हवेत फिरवला, "आ कडे री," आणि डबल बेल मारली. आ कडे म्हणजे अख्खा पलीकडचा महाराष्ट्र-कर्नाटक!

इतक्या कोटींचा रस्ता करताय, कण्हेरीला टँकरनं पाणी घालताय, टोलला फास्टॅग न थांबता कापताय, मग बोगद्याच्या दोन्ही तोंडाला एक पत्रा लावायला काय होतं? "बेळगावची बस उजवीकडे, निपाणीची अलीकडच्या अंगाला." कन्नडमध्ये लिहा, मराठीत लिहा, नाहीतर नुसता बसचं चित्र आणि बाण काढा, बोर्डाच्या भाषेवरनं भांडायला आमच्याकडं वेगळी माणसं आहेत, त्यांना त्यांचं काम करू दे. आणि तो जुना निवारा एकतर उचलून बस थांबते तिथं नेऊन ठेवा, नाहीतर पाडून तरी टाका. फोटो हवा तर दोन लावा.

त्या दिवशी दुसरी बस मिळाली ती अंधार पडल्यावर, उभ्यानं, आणि आई काकतीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, जसा काय फ्लायओव्हर मीच बांधला.