मुलगी अठराची झाली आणि खात्यावर माझी सही चालेना: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "अठरा पूर्ण होताच पालकांची सही चालत नाही, असं तुम्ही ठोकून दिलंत. लोकांना उगाच घाबरवू नका. खात्यात पैसे मी भरले, पासबुकावर माझंही नाव आहे. मग मुलगी अठराची झाली म्हणून माझेच पैसे मला काढता येणार नाहीत? आणि दहा वर्षांचं मूल स्वतः खातं चालवू शकतं म्हणता, आमच्या शाखेनं तर सरळ नाही म्हटलं."

नमस्कार. तुमचा राग मी समजू शकतो, पण ते वाक्य मी मागे घेणार नाही. पासबुकावर तुमचं नाव आहे ते पालक म्हणून, खातेदार म्हणून नाही. संयुक्त खात्यात दोघंही खातेदार असतात. इथे खातेदार एकटी तुमची मुलगी आहे. अज्ञान व्यक्तीला कायद्यानं करार करता येत नाही, म्हणून तिच्या वतीनं सही करायला कोणीतरी लागतं, आणि खातं उघडताना तुम्ही ती जागा घेतलीत. पैसे कोणी भरले यानं त्यात फरक पडत नाही. तुम्ही भरलेली रक्कम खात्यात जमा झाली तेव्हाच ती तिची झाली. म्हणूनच पालकानं पैसे काढायचे तेही मुलाच्या हितासाठी, असं लेखी बँका घेतात.

१८७५च्या सज्ञानतेच्या कायद्याप्रमाणे अठरावा वाढदिवस उजाडला की व्यक्ती सज्ञान होते. त्या दिवसापासून तिच्या वतीनं सही करण्याचं कारणच उरत नाही, म्हणून तुमचा अधिकार संपतो. रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२५च्या परिपत्रकात हेच आहे: मूल सज्ञान झाल्यावर बँकेनं खातं चालवण्याच्या नव्या सूचना आणि नमुना सही घ्यायची, आणि खातं पालक चालवत असेल तर शिल्लक रकमेची खातरजमाही करून घ्यायची. हे सगळं वेळेवर व्हावं म्हणून बँकेनं खातेदाराला आधीच कळवायचं असतं. तुम्हाला असं काही कळवलं नसेल तर तक्रार जरूर करा, ती रास्त आहे.

अडचण कुठे येते ते एका उदाहरणानं सांगतो. समजा मुलीचा वाढदिवस १२ जूनला आहे, खात्यात ८४,००० रुपये आहेत आणि ३० जूनपर्यंत कॉलेजची फी भरायची आहे. वडील २० जूनला पैसे काढायची स्लिप भरतात आणि काउंटरवरून ती परत मिळते. मग धावाधाव सुरू होते. मुलीचं आधार काढतात, तर त्यावरचा फोटो लहानपणीचा. पॅन अज्ञान असताना काढलेलं, त्यावर फोटोही नाही आणि सहीही नाही, कारण अज्ञान व्यक्तीच्या पॅनवर ती छापतच नाहीत. मोबाइल क्रमांक वडिलांचा. बँकेच्या फॉर्मवर नाव एका प्रकारे लिहिलेलं, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या प्रकारे. हे सगळं दहा दिवसांत जुळवणं कठीण होतं.

हेच वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी हाती घेतलं असतं तर? आधारवरचा फोटो आणि मोबाइल क्रमांक आधीच बदलून ठेवता आला असता, नावातला फरकही दुरुस्त करता आला असता. पॅनवर फोटो आणि सही घालण्याचा अर्ज मात्र अठरा पूर्ण झाल्यावरच करायचा असतो. १२ जूननंतर मुलीनं स्वतः शाखेत जाऊन केवायसीचा फॉर्म भरायचा आणि नमुना सही द्यायची. तुम्हीही सोबत जा, शिल्लक रकमेची खातरजमा तिथेच होते. फी तातडीची असेल तर १२ जूनच्या आत, तुमची सही चालते तोवर, थेट कॉलेजच्या खात्यात भरून टाका. तुम्ही आधी सही करून ठेवलेल्या चेकवर मात्र विसंबू नका, तो वाढदिवसानंतर वटायला गेला तर परत येऊ शकतो.

आता दहा वर्षांच्या मुलाबद्दल. इथे तुमचा आक्षेप मला मान्य आहे, माझ्या लेखात एक शब्द कमी पडला. परिपत्रक म्हणतं की दहा वर्षांपेक्षा कमी वय नसलेल्या मुलाला स्वतः खातं उघडून चालवायची मुभा बँक *देऊ शकते*. किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक बँक आपल्या जोखीम धोरणाप्रमाणे ठरवते. एटीएम कार्ड, चेकबुक किंवा नेट बँकिंग द्यायचं का, हेही तिच्याच हातात आहे. फक्त खातं कधीही उणे होऊ द्यायचं नाही. त्यामुळे शाखेनं नाही म्हटलं तर तो नियमभंग नाही. पण काउंटरवरच्या तोंडी नकारावर थांबू नका. बँकेचं अज्ञान खात्याचं धोरण काय आहे ते विचारा, कारण शाखेतल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतंच असं नाही. नसेलच जमत तर दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात चौकशी करा. पोस्टातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावे बचत खातं उघडून चालवता येतं.

आणि मूल स्वतः खातं चालवत असलं, तरी अठराव्या वर्षी नवी नमुना सही द्यावीच लागते. दहाव्या वर्षी जोडून-जोडून लिहिलेलं नाव आणि आजची सही जुळत नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

तुमच्या मुलीचं खातं सध्या अडकलं असेल तर तिला आधार आणि पॅन घेऊन शाखेत न्या, आणि फॉर्म तिलाच भरू द्या.