“हजार लिटर पाणी तापून 3 टक्के फुगतं, 30 लिटरचा टँक बास”: नाही, पुरत नाही

“गरम पाण्याच्या बंद सिस्टिममध्ये 1000 लिटर पाणी, 80 डिग्रीपर्यंत तापून 3 टक्के फुगतं, म्हणजे 30 लिटरचा एक्सपान्शन टँक पुरे. टेंपरेचरची वाढ निम्मी असेल तर टँकपण निम्मा.”

पहिलं तुमचं 3 टक्के, ते थंड प्रदेशातल्या 10 डिग्रीच्या पाण्याला लागू आहे. मुंबईत आपण पाणी भरतो तेच 27 च्या आसपासचं, तिथून 80 पर्यंत साधारण अडीच टक्के, म्हणजे 25 लिटर. हा आकडा तुमच्यापेक्षा कमीच आला, तरी टँक मोठा लागतो, का ते सांगतो.

टँकमध्ये रबरी फुग्याच्या एका बाजूला फुगलेलं पाणी येतं, दुसऱ्या बाजूला हवा असते आणि ती कुठे जात नाही, नुसती दाबली जाते. अंधेरीतल्या एका हॉटेलचं बघा, टँक तळघरात आणि लाइन 30 मीटर वर गेलेली. तेवढ्या उंचीचाच दाब 3 बार, म्हणून हवा 3.3 वर भरली. सेफ्टी व्हॉल्व 6 ला उघडतो, म्हणून वरची मर्यादा 5.4 धरली. आता या आकड्यांत वातावरणाचा 1 बार मिळवायचा, 4.3 आणि 6.4. हे लोक विसरतात, गेजचे आकडे तसेच घातले की टँक लहान निघतो. टँकचा वापरता येणारा भाग 1 − 4.3/6.4, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. 25 लिटर वाढीला 76 लिटरचा टँक, गळतीसाठी 5 लिटर पाणी राखीव धरलं की 91, म्हणून बाजारातला 100 चा.

तिथे बसवला होता 30 चा. तो साधारण 12 लिटर घेतो तोवर 6 बार होतात, उरलेलं सगळं सेफ्टी व्हॉल्वमधून ड्रेनला. मी गेलो तेव्हा सकाळी थंड असताना गेजचा काटा खूप खाली आणि दुपारी गरम झाल्यावर व्हॉल्वच्या पाइपमधून टिपटिप, आणि प्लंबर दोनदा व्हॉल्व बदलून गेलेला! व्हॉल्वचा काही दोष नव्हता हो, आणि रोज नवं पाणी भरलं की त्याच्यासोबत ऑक्सिजन आत जातो, लोखंडी पाइप आतून खातो. फुगा फाटला तरी हेच दिसतं, म्हणून आधी पाण्याची बाजू बंद करून रिकामी करा आणि हवेच्या वॉल्वला टायरवाला गेज लावून बघा.

आणि निम्म्याचं गणित. पाणी सारख्या चालीने फुगत नाही, 27 ते 53 मध्ये 1 टक्का आणि 53 ते 80 मध्ये दीड. म्हणून राखीव 5 लिटर सोडले तर, 27 पासूनची वाढ निम्मी असेल तर टँक निम्म्याहून लहान चालेल, पण 53 वरून 80 ला नेलंत तर दुप्पट टँकही कमी पडेल.

जागेनेपण फरक पडतो. हाच टँक गच्चीवर नेला, व्हॉल्व खालीच, तर 30 मीटरचा भार जातो, हवा 0.3 वर भरायची, आणि त्याच पाण्याला 50 लिटरचा पुरतो.